थंड मशीन निसटलं: स्लिप-रिंग मोटरच्या अल्टरनेटरची नोंद, भाग ४

मागच्या नोंदीत ५ एचपीच्या जुन्या स्लिप-रिंग मोटरच्या रोटरला डीसी देऊन तिचा अल्टरनेटर केला होता. तो आता लाइनवर समांतर चालतो. जागा तीच, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं मित्राचं वायंडिंगचं दुकान. फिरवायला व्हीएफडीवरची दुसरी मोटर आहे. ती लाइनमधून घेते त्याहून कमीच हा अल्टरनेटर परत देतो, त्यामुळे मीटर उलटा फिरायची भानगड नाही. या महिन्यात मशीनचा कॅपेबिलिटी कर्व्ह, म्हणजे किती किलोवॅटला किती किलोव्हार झेपतात त्याची हद्द, काढला आणि त्यातच एकदा तोंडावर आपटलो.

आधी वर्तुळं. स्टेटरची नेमप्लेट ८ अँपिअर, म्हणजे ४१५ व्होल्टला साधारण ५.७५ केव्हीए. शून्यावर टोक ठेवून त्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं की स्टेटर तापण्याची हद्द झाली. रोटरच्या वर्तुळाचा मध्य मात्र शून्यावर नसतो, तो लीडिंगच्या, म्हणजे लाइनकडून किलोव्हार ओढण्याच्या बाजूला V²/Xs इतका सरकलेला असतो. हा Xs, म्हणजे मशीनचा सिंक्रोनस रिअॅक्टन्स, कुठून आणायचा? आपल्या मशीनमध्ये हे सोपं आहे: फिल्ड शून्य केलं की मशीन स्वतःचं सगळं मॅग्नेटायझिंग लाइनकडून ओढतं. मोटर म्हणून नो-लोडला ती ३.२ अँपिअर घ्यायची. त्यातून २.३ किलोव्हार निघतात, तोच मध्य.

त्रिज्येसाठी ओपन सर्किटला ४१५ व्होल्ट यायला किती डीसी लागतो ते पाहिलं. ६ अँपिअर. रोटरची मर्यादा ९ अँपिअर, म्हणजे दीडपट, म्हणून त्रिज्या २.३ च्या दीडपट, जवळपास ३.४५. सॅच्युरेशनमुळे खरी त्याहून थोडी कमी भरते. डीसी एका रिंगेतून आत आणि उरलेल्या दोन जोडून बाहेर काढलाय, त्यामुळे पूर्ण करंट एकाच फेजमध्ये जातो आणि वार्निशचा वास आधी तिथूनच येतो. थोडक्यात, लॅगिंग बाजूला, म्हणजे लाइनला किलोव्हार देताना, स्टेटर थंड असतानाच रोटर हात टेकतो. वॅट शून्य ठेवले तरी १.१५ किलोव्हारच्या वर देता येत नाहीत. मोटरचा एअर गॅप बारीक असतो, Xs मोठा, त्याची ही किंमत.

आता लीडिंग. इथे फिल्ड कमी होतं, रोटर गार पडतो. म्हटलं, मोकळं रान आहे. १.५ किलोवॅट धरून ठेवले आणि फिल्ड ४.२ अँपिअरपर्यंत उतरवलं. मशीन लाइनकडून १.७ किलोव्हार ओढत होतं, स्टेटरचा करंट ३.१५ अँपिअर, आठाच्या निम्माही नाही. बॉडीला हात लावला तर कोमट. चहा सांगितला.

तेवढ्यात शेजारच्या शेडमध्ये मोठी मोटर डायरेक्ट सुरू झाली, व्होल्टेज ३८० ला आलं आणि आपलं मशीन घरघरायला लागलं. अँमीटरचा काटा टोकापासून टोकापर्यंत झुलत होता, दिवे त्याच तालावर मंद-प्रखर. पोल स्लिप: रोटर लाइनची पकड सोडून निसटला होता. ब्रेकर पाडेपर्यंत कपलिंगचं रबर फाटलं होतं. मित्र एवढंच म्हणाला, "अरे, गार मशीन कधी पडतं का?"

पडतं. गणित करून बघा. त्या बिंदूपासून सरकलेल्या मध्यापर्यंतचं अंतर √(१.५² + ०.६²), म्हणजे १.६२. त्या फिल्डवर मशीन जास्तीत जास्त तेवढेच किलोवॅट पेलू शकतं, तेही रोटर आणि लाइनमधला कोन ९० अंशाला गेल्यावर. फिल्ड तेच असताना ही मर्यादा व्होल्टेजच्या प्रमाणात घटते: ३८० व्होल्टला १.४८. मागून व्हीएफडी १.५ ढकलतोय. रोटरला थांबायला जागाच उरली नव्हती.

म्हणून आता अँमीटरवर विसंबत नाही, कोन बघतो. कपलिंगवर खडूची रेघ आणि लाइनच्या झिरो क्रॉसिंगवर, दर सायकलला एकदा, फ्लॅश मारणारी टायमिंग लाइट. मशीन चार पोलचं, त्यामुळे समोरासमोर दोन रेघा दिसतात आणि शाफ्टवरचा एक अंश म्हणजे विजेचे दोन. नो-लोडची जागा शून्य धरायची. त्या पडण्याच्या बिंदूवर रेघ ३४ अंश सरकायला हवी, म्हणजे विजेचे ६८. नवं रबर टाकल्यावर वॅट अर्धे करून मोजलं तेव्हा रेघ गणिताच्या दोनेक अंशांत आली. रोटर दंडगोल असल्याचा हा फायदा. उठावदार पोलच्या मशीनला हेच सूत्र लावू नका, तिथे रिलक्टन्स टॉर्क जास्तीचा आधार देतो.

माझी हद्द आता अर्धा किलोवॅट राखून: १.५ किलोवॅटला १ किलोव्हार, फिल्ड ५.२ अँपिअरच्या खाली नाही. त्यावर ३८० व्होल्टलाही १.८३ उरतात. इथल्या फताटेवाडीच्या ६६० मेगावॅटच्या संचांसारख्या मोठ्या मशीनवर ही हद्द अंडर-एक्सायटेशन लिमिटर राखतो. शिवाय त्यांना लीडिंगमध्ये आणखी एक दुखणं असतं: गळती फ्लक्स स्टेटरच्या टोकाच्या पत्र्यांत आडवा शिरतो आणि ते पत्रे तापतात. माझ्या टोकाच्या पत्र्यावर थर्मोकपल चिकटवून अर्धा तास बसलो, फरक दिसला नाही.

पुढचं काम: व्होल्टेज ३९० च्या खाली गेलं की फिल्ड आपोआप चढवणारा रिले. कपलिंगचं रबर दोन नग जादा आणून ठेवलेत.