त्या कापडात जांभळा धागाच नव्हता

मी कपड्यांच्या कॅटलॉगचे फोटो एडिट करते, नऊ वर्षं झाली. त्यातलं निम्मं काम शेड बदलायचं असतं, बाहेरच्यांना हे माहीत नसतं. सहा रंगांत कुर्ता विकायचा असला तरी शूटला येतो एकच, तोही बहुतेक वेळा मोतिया नाहीतर फिका राखाडी, कारण फिक्या कापडावर प्रत्येक चुणी स्वच्छ दिसते आणि तिथून गडद रंगाकडे जाता येतं. काळ्यावरून फिक्याकडे जायला गेलं की चुण्यांमध्ये नुसते दाणे दिसतात. बाकीचे पाच रंग म्हणजे कापडाचे बोटभर तुकडे, कागदावर स्टेपल केलेले, आणि ते तुकडे बघून मी रंग जुळवते.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सिल्कचे तयार कुर्ते विकणारे एक काका आहेत, पेठेत दुकान, चाळीस वर्षं कापडातच. मोतिया कुर्ता, चार पोझ, आणि सहा तुकडे: डाळिंबी, बॉटल ग्रीन, आमसुली, मोहरी, राखाडी आणि जांभळा. पहिले पाच एका दिवसात झाले, एका फटक्यात पासही झाले. जांभळ्याने मला नऊ दिवस झोपू दिलं नाही.

आधी माझी पद्धत सांगते, कारण मला तिचा अभिमान आहे आणि म्हणूनच हे प्रकरण इतकं लागलं. तुकडा हातात आला की मी तो त्याच स्टुडिओत, कुर्त्याला जे दोन फ्लॅश वापरले त्याच फ्लॅशखाली, शेजारी ग्रे कार्ड ठेवून शूट करते. क्लायंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो रंगासाठी मी कधीच धरत नाही, फोन प्रत्येक फोटोला स्वतःच्या मनाने पांढरा रंग ठरवतो, ट्यूबलाइटखाली एक आणि दारात दुसरा. मग फोटोशॉपमध्ये Color Sampler घेऊन, एका पिक्सेलवर नाही तर ३१ बाय ३१ पिक्सेलच्या सरासरीवर, तुकड्याच्या सपाट भागाचं माप घ्यायचं. तसंच माप कुर्त्याच्या छातीवर, जिथे उजेड सरळ पडतो तिथे, चमकेवर नाही आणि चुणीच्या सावलीतही नाही. माप Lab मध्ये: L म्हणजे किती उजळ, a म्हणजे हिरव्याकडे की लालसर, b म्हणजे निळ्याकडे की पिवळ्याकडे.

नवीन मुलं इथेच चुकतात, Hue/Saturation उघडतात आणि स्लायडर फिरवत बसतात. मोतिया कापडाचं L असतं ८५ च्या आसपास आणि त्या जांभळ्याचं होतं ३२. नुसता रंग फिरवून हे अंतर कापता येत नाही. आधी कर्व्हने उजेड खाली आणायचा, तोही असा की चुण्यांच्या सावल्या काळ्या डबक्यासारख्या होऊ नयेत, मग वर रंगाचा लेअर Color मोडमध्ये टाकायचा, आणि जिथे सिल्क चमकतं तिथून तो रंग थोडा उतरवायचा कारण खऱ्या सिल्कची चमक कापडापेक्षा फिकी असते. ती उतरवली नाही की कुर्ता रेक्झिनचा दिसतो.

तर जांभळ्याचं माप आलं L 32, a 38, b −22. मी छातीवर आणून ठेवलं ते डेल्टा ई एकच्याही आत, म्हणजे दोन रंगांतलं अंतर एवढं कमी की शेजारी ठेवले तरी बहुतेकांच्या डोळ्याला फरक कळू नये. पाठवलं. काकांचा फोन आला, "ताई, हा आमचा जांभळा नाही. हा वांग्याचा रंग झाला."

मी त्यांना फोनची डिस्प्ले सेटिंग तपासायला सांगितली, रात्रीचा पिवळा मोड बंद आहे ना, विविड वगैरे चालू नाही ना, हे नेहमीचंच. ते म्हणाले दुकानातल्या कॉम्प्युटरवरही तसंच दिसतंय. बरं, म्हटलं गुलाबीकडे हवंय का? "हो, त्यात राणी कलर आहे ना थोडा." गुलाबीकडे नेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाईंचा फोन, की हे फार गुलाबी झालंय ताई, कापडात निळी झाक आहे ती कुठे गेली? निळ्याकडे नेला. काका म्हणाले, मेलेला दिसतोय. तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा मी स्टुडिओत सगळ्यांसमोर बोलले की या घरात आधी आपसात ठरवा म्हणावं रंग कोणता ते. आमच्या धंद्यात हे फार सहज बोललं जातं, क्लायंटला रंग कळत नाही. आमच्या मॅनेजरचंही तेच, शेड चेंज हे पाच मिनिटांचं काम, तीन करेक्शननंतर एक्स्ट्रा चार्ज लाव आणि सोड.

सोडवेना. माझं माप बरोबर होतं, मी तीनदा तुकडा पुन्हा शूट केला, तीनदा तेच आकडे. शेवटी तुकडा आणि लॅपटॉप घेऊन दुकानात गेले.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. काकांनी तुकडा घेतला, तळहातावर नाही ठेवला, दोन बोटांत धरून दाराकडे तोंड करून थोडा तिरका केला आणि म्हणाले, "हे बघा, राणी." आणि खरंच राणी होता. सूनबाई गल्ल्याशेजारी उभ्या होत्या, त्यांनी तोच तुकडा घेतला, वळवून आडवा धरला, तसाच तिरका केला, आणि तो जांभळट निळा झाला. कापड तेच, दार तेच, फक्त तुकडा काटकोनात फिरला होता.

माझ्या पोटात खड्डा पडला. मी तुकड्याच्या कडेचा एक उभा धागा ओढून काढला. गडद गुलाबी. मग आडवा काढला. निळा. पांढऱ्या कागदावर ते दोन धागे शेजारी शेजारी ठेवले आणि बघत बसले. त्या कापडात जांभळा धागाच नव्हता. काका म्हणाले, "धूपछाव आहे ना ताई, म्हणून तर किंमत." त्यांना वाटलं होतं हे मला दिसतंच असेल. धूपछाव पैठणीतही हेच असतं, ताणा म्हणजे उभे धागे एका रंगाचे आणि बाणा म्हणजे आडवे दुसऱ्या, म्हणून साडी हलली की रंग खेळतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे, आईची आहे तशी. पण स्टेपल केलेला बोटभर तुकडा मी टेबलावर सपाट ठेवला, सरळ वरून शूट केला आणि गुलाबी-निळ्याची सरासरी काढून तिला रंग म्हटलं.

तिथेच काकांकडून अर्धा मीटर कापड मागून घेतलं. स्टुडिओत येऊन आधी एका पेन्सिलीवर गुंडाळलं, पेन्सिल उभी, उभे धागे पेन्सिलीच्या दिशेने. वळणाच्या दोन्ही बाजूंना गुलाबी दिसलं. पेन्सिल आडवी केली, आडवे धागे तिच्या दिशेने, आणि वळणावर निळं. कारण भिंगातून कळलं: धागे गोल असतात, वर उठलेले असतात, त्यांच्याकडे बाजूने बघितलं की जे धागे आपल्या नजरेला आडवे येतात ते पुढचे मागच्यांना चिकटून दिसतात आणि मधले दुसऱ्या रंगाचे धागे त्यांच्या आड जातात. सरळ समोरून बघितलं तरच दोन्ही दिसतात आणि डोळा त्यांचा जांभळा करतो. मापही घेतलं. उभ्या वळणावर L 34, a 50, b −8. आडव्या वळणावर L 29, a 20, b −40. माझ्या "अचूक" जांभळ्यापासून पहिलं डेल्टा ई १८ च्या वर, दुसरं २५ च्या वर. म्हणजे काकाही बरोबर, सूनबाईही बरोबर, आणि छातीवरच्या त्या एका चौकोनापुरती मीही बरोबर, पण कुर्ता म्हणजे छातीवरचा चौकोन नव्हे.

मोतिया कुर्ता एकरंगी कापडाचा होता. त्याच्या चुण्यांमध्ये उजेड कमीजास्त होतो, रंग बदलत नाही, म्हणून मी वर कोणताही एक जांभळा ओतला तरी तो मेलेलाच दिसणार होता. मग एकाऐवजी तीन रंगांचे लेअर केले, सपाट भागाला जांभळा, घेराच्या उभ्या चुण्यांच्या कडांना गुलाबी, आणि कोपरात, कमरेशी, जिथे कापड आडवं दुमडतं तिथे निळा. तो अर्धा मीटर डमीवर सोडून, तेच फ्लॅश लावून, शेजारी ठेवला आणि एकेक चुणी बघून हाताने मास्क रंगवले. सगळ्यात नडली बाही. बाहीचं कापडही उभंच बेतलेलं, पण हात कोपरात वाकला की खालच्या बाहीचे उभे धागे फोटोत आडवे होतात, मग तिथे गुलाबी-निळ्याची दिशा पण फिरवावी लागते. पहिल्या प्रयत्नात मी ती फिरवली नव्हती आणि हात दुसऱ्या कुर्त्याचा वाटत होता. एका फोटोला पाच तास लागले, चार फोटो, आणि बिल पाच मिनिटांच्या शेड चेंजचं.

काकांनी स्क्रीनवर बघितलं, झूम वगैरे काही केलं नाही, म्हणाले "हां, आता हलतोय." सूनबाईंनी मान डोलावली. पास.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की पुढच्या वेळी धूपछाव असेल तर तोच कुर्ता शिवून शूटला पाठवा, मी रंगवलेला कितीही जुळला तरी त्यातल्या चुण्यांचे रंग माझ्या अंदाजाचे आहेत, कापडाचे नाहीत. आणि कॅटलॉगमधल्या त्या कुर्त्याच्या पानावर त्याच अर्ध्या मीटरचे तीन फोटो टाकायला लावले, सरळ, उभा तिरका, आडवा तिरका, म्हणजे घेणारीला घरी डबा उघडल्यावर फसवल्यासारखं वाटू नये. स्टुडिओत आता तुकडा आला की आधी कडेचा एक उभा, एक आडवा धागा काढून बघायचा असा नियम मी लावलाय. मॅनेजरला तो वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

पण मला आता दुसरंच खातंय. दोन वर्षांपूर्वी एका ताईंचं मोरपंखी काम असंच चार वेळा परत आलं होतं. मी त्यांना सांगितलं होतं की तुमचा रंग sRGB च्या बाहेरचा आहे, स्क्रीनवर येणारच नाही. भडक मोरपंखी, रामा असल्या रंगांच्या बाबतीत ते खरंही असतं, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं, पैसे दिले आणि परत काम दिलं नाही. त्यांचा तुकडा माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहे. परवा रात्री काढला आणि कडेचे दोन धागे ओढले. उभा निळा निघाला, आडवा हिरवा. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, अजून फोन केलेला नाही.