रात्री किती उशा लागतात?

«गरोदरपणात दम सगळ्यांनाच लागतो म्हणतात. मग माझा दम साधा की हृदयाचा, हे मला कसं कळणार?»

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माझ्यासमोर दम लागणारी गरोदर बाई बसली की मी आधी उशांची चौकशी करते. साधा दम हळूहळू वाढतो, जिना चढल्यावर जाणवतो, दोन मिनिटं बसलं की शांत होतो. कुशीवर झोपलं की बहुतेकींना त्याची आठवणही राहत नाही. हृदयाचा दम आडवं झाल्यावर वाढतो. एका उशीच्या दोन होतात, दोनाच्या तीन, आणि मग मध्यरात्री घुसमटून उठून बसावं लागतं.

एक पेशंट अजून डोळ्यांसमोर आहे. वय 26, पहिलटकरीण, सातवा महिना. पंधरा दिवस रात्री कोरडा खोकला. आधी कुणीतरी खोकल्याचं औषध दिलं होतं, मग दमा समजून पंप. पंपानं छातीतली धडधड वाढली एवढंच. नाडी पाहिली तर बसल्या जागी 118. लहानपणी काही मोठं दुखणं? तेव्हा तिची आई म्हणाली, "आठवीत असताना सांधे सुजले होते, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यायची. मग बरं वाटलं, सोडलं."

तिथेच निम्मं निदान झालं. तो संधिवाताचा ताप होता. तो सांधे सोडून जातो, पण हृदयाच्या झडपांवर व्रण ठेवून जाऊ शकतो. टूडी एको केला. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त सोडणारी मायट्रल झडप एरवी 4 ते 6 चौरस सेंटिमीटर उघडते. हिची जेमतेम 1 उघडत होती.

मग इतकी वर्षं त्रास का नव्हता? अरुंद दारातूनही सगळं रक्त पलीकडे जातं, फक्त त्याला वेळ लागतो. नाडी 70 असेल तर दोन ठोक्यांच्या मध्ये खालचा कप्पा भरायला साधारण अर्धा सेकंद मिळतो. 120 झाली की तो वेळ निम्म्यावर येतो. गरोदरपणात नाडी मुळातच वाढते आणि अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. दार तेवढंच, गर्दी दीडपट, वेळ निम्मा. अडलेलं रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं आणि तिथे पाणी झिरपतं. म्हणून असा त्रास बऱ्याचदा सहाव्या-सातव्या महिन्यात उघड होतो. पंपातल्या औषधानं नाडी आणखी पळाली होती. ते औषध वाईट नाही, पण तिच्या झडपेला ते महाग पडलं.

तिला दाखल करून आधी नाडी आवरली. मेटोप्रोलॉल, पाणी उतरवायची गोळी, विश्रांती. चौथ्या दिवशी नाडी 80 वर आली आणि ती एका उशीवर झोपली. औषधांनी भागलं नसतं तर गरोदरपणातच फुगा घालून झडप रुंद करता आली असती. तशी वेळ आली नाही.

पण खरी धास्ती मला बाळंतपणाची होती. कळांनी नाडी पळते, म्हणून कंबरेतून वेदनाशामक दिलं. जोर लावायला लावला नाही, व्हॅक्यूमनं बाळ काढलं. सिझेरियनच करावं लागतं असा समज आहे, तो या आजारात बहुधा खरा नसतो. बाळ बाहेर आलं की लोक सुस्कारा सोडतात, आम्ही सोडत नाही. गर्भाशय आवळलं की त्यातलं रक्त एकदम हृदयाकडे परततं आणि पहिले एक-दोन दिवस फुफ्फुसात पाणी भरण्याचा धोका राहतो. म्हणून सलाईन मोजून, आणि रक्तस्राव थांबवायला एरवी वापरतात ते एर्गोमेट्रिन टाळायचं. हे सगळं कळा सुरू होण्याआधी कागदावर हवं. हृदयाचा डॉक्टर, प्रसूतीचा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ यांनी एकत्र बसून लिहिलेलं.

तिनं गरोदर राहण्याआधी एको केला असता, तर फुग्याचं काम तेव्हाच निवांतपणे उरकता आलं असतं. लहानपणी तसा ताप आला असेल, झडपेचं ऑपरेशन झालं असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर दिवस जाण्याआधी भेटा. त्या गोळ्यांतल्या वॉरफरिनसारख्या काही पहिल्या तिमाहीत बाळाला बाधू शकतात; पण मनानं बंदही करू नका, कारण कृत्रिम झडपेवर गुठळी बसू शकते.

आणि दिवस गेलेलेच असतील तर आडवं झाल्यावर वाढणारा दम, रात्रीचा खोकला, बसल्या जागी धडधड, भोवळ यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. गुलाबी फेस खोकल्यातून येत असेल, छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा बोलताना वाक्य तुटत असेल, तर उठून बसा आणि लगेच अँब्युलन्स बोलवा. सकाळची वाट पाहू नका.

तिची मुलगी आता दोन वर्षांची आहे. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी फुग्यानं झडप रुंद केली, आणि एकवीस दिवसांचं इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. गेल्या महिन्यात ती आली ती दुसऱ्या बाळाचा विचार आहे हे सांगायला, एकोचा कागद आधीच हातात घेऊन.