तिसऱ्याला दिलेलं मत

*«ज्याला जास्त मतं तो आमदार, ही पद्धत असली की शेवटी दोनच पक्ष उरतात म्हणे. मग आमच्या गोव्यात एवढे पक्ष कसे?»*

हा नियम मोरिस दुव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाचा, 1951 सालचा. त्याचं पहिलं कारण सरळ हिशेबाचं आहे. विखुरलेल्या मतांना जागा मिळत नाही. 2022 मध्ये तृणमूलला गोव्यात पाच टक्क्यांच्या वर मतं पडली, पण 40 पैकी एकही जागा आली नाही. दुसरं कारण मतदाराच्या मनातलं: आपला माणूस तिसरा येणार हे कळलं, की मत फुकट घालवण्यापेक्षा तो पहिल्या दोघांतल्या कमी नावडत्याला मत देतो.

हे दुसरं कारण कधी चालतं आणि कधी नाही, ते गोव्यातच बघायला मिळतं. 2024 च्या लोकसभेला दक्षिण गोव्यात काँग्रेस साडेतेरा हजारांनी जिंकली. पहिल्या दोघांना प्रत्येकी दोन लाखांवर मतं, तिसऱ्या आलेल्या रेव्होल्युशनरी गोवन्स म्हणजे आरजी या पक्षाला वीस हजारांच्या आत. ‘आप’ने तर जाहीर केलेला उमेदवारही मागे घेतला होता. दुव्हर्जेला हवी तशीच ही लढत.

विधानसभेला मात्र चित्र पालटतं. एका मतदारसंघात सरासरी तीसेक हजार मतदार, आणि 2022 मध्ये 40 जागांसाठी 301 उमेदवार. सांत आंद्रेत आरजीचा उमेदवार पाच-साडेपाच हजार मतांवर, अवघ्या 76 मतांनी निवडून आला. एवढ्या मतांत काम होत असेल तर उमेदवाराची ओळख, वाडा, चर्च, देवस्थान, नातेवाईक यांच्या बळावरही टक्कर देता येते. मग तिसरा कोण, हे मतदानाआधी सांगायचं कोणी? ते कळत नाही तोवर मत फुकट जाण्याची भीतीही नसते.

गॅरी कॉक्स या अभ्यासकाने यासाठी सोपी कसोटी दिली आहे: तिसऱ्याच्या मतांना दुसऱ्याच्या मतांनी भागायचं. उत्तर शून्याजवळ आलं तर मतदारांनी तिसऱ्याला सोडलेलं असतं. एकाजवळ आलं तर दुसरा कोण हेच त्यांना ठरवता आलेलं नसतं. दक्षिण गोव्यात ते 0.1 च्याही खाली येतं. तुमच्या मतदारसंघाचं गणित निवडणूक आयोगाच्या आकड्यांवरून जरूर करून बघा.

आणि निकालानंतरचंही धरायला हवं. 2017 मध्ये काँग्रेसच्या 17 जागा, भाजपच्या 13. तरी मगोचे तीन, गोवा फॉरवर्डचे तीन आणि अपक्ष सोबत घेऊन सरकार भाजपने केलं. तीन आमदारांवर मंत्रिपदं मिळत असतील, तर छोट्या पक्षाला दिलेलं मत वाया गेलं असं मी तरी म्हणणार नाही. दुव्हर्जेचा हिशेब मतदारसंघापुरता आहे. सत्तेच्या वाटाघाटी त्यात येत नाहीत.