गणपती झाले, आता हिशेबाची मीटिंग

काल सोसायटीच्या गणपतीची मीटिंग झाली. दरवर्षी वर्गणी किती आली आणि मांडववाल्याचं किती द्यायचं राहिलं एवढ्यावरच चहा पिऊन संपते, यंदा सेक्रेटरी काकूंनी वही काढली आणि म्हणाल्या आधी महाप्रसादाचं बोला, कारण त्या रात्री रांग पार गेटपर्यंत गेलेली. सगळ्यांचं एकच, आचाऱ्याने कमी केलं. मग कुपनं मोजली, ३०० वाटलेली, परत आली २४० च्या आसपास, आणि मसालेभात तर पातेलंभर उरलेला!! म्हणजे जेवण कमी नव्हतंच, एकाच कढईत पुऱ्या तळत होते आणि आरती संपल्या संपल्या सगळे एकदम खाली, वाढणारा पुरीसाठी थांबला की मागची अख्खी रांग थांबणार ना.

तर पुढच्या वर्षी कुपनावरच वेळ छापायची, ए विंग साडेसात, बी विंग साडेआठ, आणि कढया दोन. आरती सातलाच, यावर एका काकांनी वीस मिनिटं वाद घातला ते सोडा.

स्टीलची ताटं भाड्याने आणली ते मात्र मस्त जमलं, कचऱ्याच्या पिशव्या गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी कमी. प्रत्येक कामापुढे नाव लिहिलंय, फक्त ताटं कोण घासणार ती जागा रिकामी आहे, बायकांनी आधीच सांगून टाकलंय, यंदा केलं, आता पुरुषांनी बघा 😄