त्याच्या तोंडी काय घालायचं

मालिकेतला एक प्रसंग संवाद सुधारायला माझ्याकडे आला. खेड्यातून आलेला मुलगा, डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसलेला. शहरातल्या पोरांच्या फाडफाड इंग्रजीपुढे बुजलेला. आधीच्या लेखकाने त्याला मातीच्या अभिमानावर अडीच पानांचं भाषण दिलं होतं. बुजलेला माणूस अडीच पानं बोलतो कुठे? वर प्रत्येक 'ण'चा 'न' केलेला, म्हणजे प्रेक्षकांना हसायची सोय.

भाषण काढलं, भाषा साधीच ठेवली. बुजलेपण उच्चारात नसतंच, ते बोलायची पाळी न मिळण्यात असतं. सराईत पोरं एकमेकांचं वाक्य पुरं होऊच देत नाहीत. हा मात्र समोरच्याचं संपायची वाट बघतो, आणि ते संपतच नाही. म्हणून पहिल्या पानावर त्याला एवढंच: "म्हणजे ते...", "नाही, पण...". कोण कुठल्या अक्षरावर तोडतो, ते कंसात.

मग प्रयोगशाळा. सर पंपाचा सक्शनचा व्हॉल्व्ह आवळत नेतात, पंप खडखडायला लागतो. हेच कॅव्हिटेशन. त्याची व्याख्या घडाघडा म्हणणारा मुलगाच म्हणतो, "बेअरिंग गेलं."

"बेअरिंग नाही. पाणी कमी पडतंय त्याला. आत खडी फिरल्यासारखं वाजतंय ना? उन्हाळ्यात विहीर खाली गेली की आमची मोटर असंच करते. मग आण्णा ती खालच्या टप्प्यावर घेतात."

"का?" सर विचारतात.

"वरून फार ओढवत नाही तिला. वीस-बावीस फूट. पुढं अवघड."

आधीच्या मसुद्यात विहिरीतल्या पाइपच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह गळत होता. मी ओळखीच्या पंप मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, त्यानं मोटर पाणी सोडते, नुसती फिरत राहते. खडखड होते ती ओढ जास्त झाली की. पाण्याचे बुडबुडे होतात आणि पंख्यावर फुटतात. हा फरक चुकला असता तर मोटर चालवणाऱ्या प्रत्येक घरात मालिकेचं हसं झालं असतं. आमच्याकडे नायिकेच्या साडीवर चार बैठका होतात, मेकॅनिकला फोन करायचं कुणाला सुचत नाही.

दिग्दर्शकाला पुढे वाक्य हवं होतं, "गावाकडचं शहाणपण पुस्तकात नसतं." मी अडून बसलो. पोरगा पुस्तकासाठीच तर आलाय. हे वाक्य त्याला परत गावाला धाडतं. त्याऐवजी तो शेजारच्याला विचारतो, "त्या व्याख्येत बुडबुडे फुटायचं होतं ना? परत सांग. सावकाश." आणि शेजारी पहिल्यांदाच एक वाक्य पुरं करतो.

चित्रीकरणात वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी लिहिल्या नव्हत्या. संकलनात काढा म्हणालो, तर उत्तर आलं, "बघू."