राहू दे. तू बिझी असशील.

गुरुवारी रात्री अकरा चाळीसला सांगलीच्या मैत्रिणीचा मेसेज आला. "राहू दे. तू बिझी असशील." मी लगेच लिहिलं, "अगं तसं काही नाही." दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

तिच्या मुलीला पुण्यात अ‍ॅडमिशन मिळाली होती आणि कर्वेनगरच्या बाजूची एक-दोन हॉस्टेलं बघून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी ती बघितली नव्हती. मन आधीच खात असलं की समोरच्याच्या साध्या वाक्यालाही दात दिसायला लागतात. मी स्क्रीनशॉट काढला, वरचं-खालचं छाटून तेवढ्या दोनच ओळी ठेवल्या आणि आमच्या चौघींच्या ग्रुपवर टाकल्या. वर लिहिलं, "बघा, काय टोमणा मारलाय!"

आता विचार केला तर हसू येतं. काय वाचायचं ते मीच सांगून टाकलं आणि मग विचारलं, काय वाचलंत?

नाशिकची मिनिटभरात म्हणाली, "टोमणाच आहे, प्रश्नच नाही." दुसरीने बारकाई दाखवली, "राहू दे च्या पुढे पूर्णविराम बघ. चिडल्याशिवाय कोण चॅटमध्ये पूर्णविराम देतं?" बँकेत असलेलीने नुसतं डोळे विस्फारलेलं तोंड टाकलं. सात मिनिटांत निकाल लागला, आणि आठव्या मिनिटाला आम्ही सगळ्यांनी मिळून माझं उत्तरही तयार केलं. "बरं. तुझी इच्छा." मी ते पाठवलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हेही कबूल करते.

शनिवारी बँकवालीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "मला खरं तर तो टोमणा वाटलाच नव्हता गं. काळजीने लिहिल्यासारखं वाटलं. पण तुमचं सगळ्यांचं ठरलंच होतं, मग मी कशाला मध्ये बोलू?"

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात केलेले रेघांचे प्रयोग इथे आठवतात. एका रेघेएवढी लांब रेघ तिघींतून ओळखायची, इतकं सोपं काम. पण आधीची सगळी माणसं ठरवून चुकीचं उत्तर मोठ्याने देत. ज्याची परीक्षा चाललेली असे त्याने अशा वेळी साधारण तीनातून एकदा डोळ्यांना दिसत असलेलं सोडून त्यांचीच री ओढली. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं की हे प्रमाण खूप घटायचं. रेघेच्या बाबतीत ही गत, तर "राहू दे" मधला सूर ओळखताना काय होईल? ग्रुपवर पहिलं उत्तर येतं ते बहुतेक वेळा सगळ्यात हुशार मैत्रिणीचं नसतं. त्या वेळी जिच्या हातात फोन असतो तिचं असतं. बाकीच्या तिच्या उत्तराखाली बसून वाचतात. मला वाटलं होतं तीन मतं मिळाली. मिळालं होतं एकच, आणि तेही माझंच, तीन डीपींखाली छापून आलेलं.

मुळात लिहिलेल्या मजकुरातून सूर ओळखणं आपल्याला वाटतं तितकं जमत नाही. क्रुगर, एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ईमेलवर हे तपासलं होतं. वाक्य गंभीर आहे की उपरोधाने लिहिलंय, हे वाचणाऱ्याला शंभरातल्या ७८ वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कळलं ५६ वेळा. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नासच्या आसपास जमलंच असतं.

बँकवालीचा फोन ठेवला आणि मी पहिल्यांदा ते चॅट वर सरकवलं. सोमवारी रात्रीची माझीच व्हॉइस नोट होती, चाळीस सेकंदांची. त्यात मी म्हणत होते, "ऑडिटचा आठवडा आहे गं, साडेनऊला घरी पोचते, श्वास घ्यायला वेळ नाही, पण बघते हां मी." म्हणजे "तू बिझी असशील" हे तिचं वाक्यच नव्हतं. माझंच तिने मला परत दिलं होतं. आणि व्हॉइस नोटची एक गंमत आहे, स्क्रीनशॉटमध्ये ती आली तरी नुसती रेघोट्यांची पट्टी येते, त्यातलं बोलणं येत नाही. मी तर ती पट्टीही छाटली होती.

मग तो पूर्णविराम. माझी मैत्रीण शाळेत मराठी शिकवते. मी वर वर सरकवत गेले. "शुभ सकाळ." पूर्णविराम. "पोहे केलेत." पूर्णविराम. "हाहा." पूर्णविराम! तिने कधी पूर्णविराम दिला नसता, तर त्याचा काही अर्थ लावता आला असता. माणूस एरवी कसं लिहितो हे माहीत नसताना एका बुडबुड्यावरून त्याचा राग ओळखणं म्हणजे एका शितावरून भाताची नाही, स्वयंपाकिणीची परीक्षा.

अजून एक गोष्ट त्या सरकवण्यात दिसली आणि मी वरमले. मधल्या मेसेजेसमध्ये तिने नवऱ्याच्या तब्येतीचं लिहिलं होतं, फक्त मला. मी छाटलं नसतं तर तेही तीन फोनांवर गेलं असतं. तेवढ्यापुरतं माझं छाटणं बरं ठरलं, पण मी ते तिच्यासाठी केलं नव्हतं.

रविवारी मी पुन्हा विचारलं, या वेळी एकाच व्यक्तीला. माझ्या मावसबहिणीला. ती आम्हा दोघींना ओळखते आणि माझी बाजू घ्यायची तिला अजिबात सवय नाही. सोमवार ते गुरुवारचं सगळं पाठवलं, तब्येतीचं तेवढं झाकून, माझे स्वतःचे मेसेज ठेवून, वेळा दिसतील असं. व्हॉइस नोटमध्ये मी काय म्हणाले ते शब्दांत लिहिलं. "बरं. तुझी इच्छा." हेही दाखवलं, ते दाखवताना हात जड झाला. मला काय वाटलं हे मात्र लिहिलं नाही, कारण आपण दुखावलोय हे कळलं की आपलं माणूस वाचायचं सोडून समजूत काढायला लागतं. फक्त विचारलं, "गुरुवारचं वाक्य लिहिताना हिच्या मनात काय काय असू शकेल? एक नको, दोन-तीन शक्यता सांग. आणि माझ्याकडून काय राहिलंय तेही."

तिने अर्ध्या तासाने लिहिलं. चिडली असेल. किंवा तुला ओझं नको म्हणून सोडवत असेल. किंवा हॉस्टेलचं काम दुसरीकडून झालं असेल. आणि खाली, "तू तिला विचारलंस का, की सोय झाली का म्हणून?"

विचारलं नव्हतं. चार दिवसांत चार जणींना विचारलं होतं, तिला नाही. (धमकी, शिवीगाळ, पैशांचं लचांड असेल तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून जपून ठेवायचा, अर्थ लावत बसायचं नाही. इथे तसं काहीच नव्हतं.)

मी फोन लावला. बुधवारीच तिच्या जावेच्या ओळखीने खोली मिळाली होती. गुरुवारी रात्री माझा मेसेज बघितला तेव्हा ती सामान बांधत होती, पहाटेची एसटी होती.

"आणि ते 'तुझी इच्छा' काय होतं गं?" तिने विचारलं.

मी ग्रुपचं सगळं सांगून टाकलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग खुदकन हसली.

"मी शनिवारी स्टाफरूममध्ये दाखवला तुझा मेसेज," ती म्हणाली. "पाच जणी होत्या. सगळ्यांचं एकमत झालं, पुण्याची झाली म्हणे आता ती."