पुढे सात जण, वेळ चार मिनिटं

तक्रार एका ओळीची होती: 'चार मिनिटं सांगून सहा मिनिटं वीस सेकंद ताटकळत ठेवलं.' कॉल सेंटरमध्ये रांगेचं गणित माझ्याकडे असतं, म्हणून ती माझ्या टेबलावर आली. टीम लीडर म्हणाले, "घोषणाच बंद करा, खोटी ठरते." मला ते मुळीच पटलं नाही. रांगेतल्या माणसाला काहीच न सांगणं हा उपाय नव्हे.

मी लॉग उघडला. त्या वेळी दहा एजंट कॉलवर होते आणि एका कॉलला सरासरी 300 सेकंद लागत होते. दहाही जण बोलत असले की कोणी ना कोणी सरासरी दर 30 सेकंदांनी मोकळा होतो. हे 30 सेकंद घड्याळासारखे पडत नाहीत. कधी दोन कॉल पाठोपाठ संपतात, कधी दीड मिनिट कोणीच सुटत नाही. कॉलची लांबी घातांकी वितरण पाळत असेल, तर ही अंतरंही घातांकी असतात. या वितरणाला मागचं काही आठवत नाही. त्यामुळे फोन करणारा मधेच आला, तरी त्याच्यासाठी पहिल्या सुटकेची वाट सरासरी 30 सेकंदांचीच.

तक्रारदाराच्या पुढे सात जण होते. त्याचा नंबर लागायला आठ सुटका व्हायला हव्या होत्या, म्हणजे आठ स्वतंत्र घातांकी अंतरांची बेरीज. या बेरजेचं वितरण म्हणजेच गॅमा, आकार 8, मापक 30 सेकंद. आकार पूर्णांक असला की त्याला एरलांग वितरण म्हणतात, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग यांच्या नावावरून.

सरासरी 8 × 30 = 240 सेकंद. घोषणा इथूनच आली होती आणि सरासरी म्हणून ती अचूक होती. पण एका अंतराचं प्रमाण विचलन 30 सेकंद, तर आठांच्या बेरजेचं 30√8, म्हणजे सुमारे 85 सेकंद. एकट्या अंतरात विचलन सरासरीइतकंच असतं. आठांच्या बेरजेत ते सरासरीच्या जवळपास एक तृतीयांशावर येतं. तरीही 85 सेकंद काही थोडे नाहीत. एक्सेलमध्ये हे लगेच दिसतं:

```
=1-GAMMA.DIST(240,8,30,TRUE)   → 0.453
=1-GAMMA.DIST(380,8,30,TRUE)   → 0.064
=GAMMA.INV(0.9,8,30)           → 353
```

म्हणजे 'चार मिनिटं' ऐकणाऱ्या शंभरांपैकी पंचेचाळीस जणांना त्याहून जास्त थांबावं लागणार, आणि सहा मिनिटं वीस सेकंदांच्या पुढे जाणारे शंभरात सहा निघणार. दहातल्या नऊ जणांना खरा ठरेल असा आकडा हवा, तर तो सहा मिनिटांच्या आसपास.

मॅनेजरनी वेगळाच हिशोब मांडला: प्रत्येक अंतराची नव्वद टक्क्यांची मर्यादा 69 सेकंद, गुणिले आठ, म्हणजे नऊ मिनिटांहून थोडं जास्त. हे चुकीचं आहे, आणि हीच चूक मी वेगवेगळ्या टीममध्ये पाहत आलो आहे. आठही अंतरं एकाच वेळी लांबणं फार दुर्मीळ असतं. लांब आणि आखूड अंतरं बेरजेत एकमेकांना सावरतात. या हिशोबाचा आकडा हजारातून दोघांनाच अपुरा पडला असता, आणि 'नऊ मिनिटं' ऐकून कितीतरी जणांनी फोन ठेवला असता.

एका तक्रारीचा उलगडा एवढ्यावर झाला असता. पण त्या दुपारचे बाकीचे कॉल चाळले तेव्हा सहा मिनिटांपुढे गेलेल्यांचा घोळका दिसला. सलग आठ-आठ अंतरांच्या बेरजांचा व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, काढला, तर तो एका अंतराच्या व्हेरियन्सच्या आठपट यायला हवा होता. प्रत्यक्षात बराच जास्त होता. म्हणजे अंतरं स्वतंत्र नव्हती. एक लांबलं की पुढचंही लांबत होतं. कारण फ्लोअरवरच सापडलं: ग्राहकाची माहिती दाखवणारी स्क्रीन मंदावली होती, आणि सगळ्याच एजंटांचे कॉल एकदम लांबत होते. अशा वेळी लांब अंतराला सावरायला आखूड अंतर येतच नाही, आणि माझं गॅमाही शेपटाकडे, म्हणजे फार लांब थांबण्याची शक्यता, कमी दाखवतं. स्क्रीन मंद आहे हे एजंटांना कळत होतं. ते रांगेच्या हिशोबापर्यंत पोहोचवायची सोय कुणी केलीच नव्हती, आणि याचा मला अजूनही राग आहे.

आता घोषणेत नव्वद टक्क्यांचा आकडा जातो. सुटकांचा दर मागच्या अर्ध्या तासातल्या नोंदींवरून काढतो, आणि बेरजांचा व्हेरियन्स आठपटीच्या फार वर गेला की आकडा न सांगता फक्त 'तुमच्या पुढे सात जण आहेत' एवढंच ऐकवतो. किती वर गेला म्हणजे फार, ही रेषा अजून माझी ठरत नाही. अर्ध्या तासात आठ-आठच्या बेरजा मोजक्याच मिळतात, आणि तेवढ्यावरून काढलेला व्हेरियन्स स्वतःच बराच हलतो.